हा ‘मी’ कुणाचा? दुभाष्यामार्फत झालेल्या बोलण्याचा गोषवारा कसा लिहावा

बडोद्यात वकिलांच्या टेबलाशेजारी बसून टिपणं काढायची म्हणजे अर्धा दिवस मराठीत आणि अर्धा दिवस गुजरातीत जातो. इथल्या जुन्या मराठी घरांतले लोक दोन्ही भाषा सारख्याच बोलतात, त्यामुळे दुभाष्या लागतो तो बाहेरून आलेल्या नातेवाइकांना. सांगलीहून किंवा साताऱ्याहून कुणी काकू वाड्यातल्या हिश्शाच्या कामासाठी येतात, समोर गुजराती भाडेकरू असतो आणि मध्ये घरातलाच कुणी पुतण्या किंवा भाचा बसतो. तो काकूंच्या वतीने ‘मी’ म्हणतो, भाडेकरूच्या वतीनेही ‘मी’ म्हणतो आणि अधूनमधून स्वतःचंही मत ‘मी’ म्हणूनच सांगतो. समोर बसलेल्यांना त्याच्या मानेवरून, हातवाऱ्यांवरून कळतं कोण बोलतंय. कागदावर मात्र सगळे ‘मी’ सारखेच दिसतात.

अशा कागदावरून गोषवारा कसा काढायचा, ते एका बैठकीवरून सांगते. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदलले आहेत, पण चुका खऱ्या आहेत आणि त्यातली पहिली माझीच होती.

दांडिया बाजाराकडचा जुना वाडा. काकू ७४ वर्षांच्या, राहणार सांगलीच्या. यजमान वारल्यावर त्यांचा हिस्सा काकूंकडे आला. तळमजल्यावर ३० वर्षांपासून एक गुजराती दुकानदार भाड्याने. मध्ये बोलायला पुतण्या, बडोद्यातच वाढलेला आणि वाड्यात स्वतःही हिस्सेदार. बैठक मे महिन्यात झाली, ५० मिनिटं चालली, फोनवर रेकॉर्ड केली आणि ऑफिसातल्या मुलाने ती टाइप करून दिली. मी घाईत पहिला गोषवारा लिहिला, त्यात ही तीन वाक्यं होती: घरपट्टी पुतण्या भरतो. दुकानदाराने दिवाळीपर्यंत जागा सोडायचं मान्य केलं. पाघडी परत द्यावी लागली तर काकूंना परवडणार नाही. तिन्ही चुकीची निघाली. कशी, ते पुढे येईलच.

आधी कागद पुरा आहे का ते बघा

टाइप करणाऱ्याला वाटतं, एकच गोष्ट दोनदा कशाला लिहायची? म्हणून तो मूळ वाक्य गाळून दुभाष्याचं ठेवतो, किंवा ‘(गुजरातीत बोलणे)’ एवढंच लिहून पुढे जातो. असा कागद हातात आला तर गोषवारा सुरूच करू नका. दुभाष्याचं वाक्य कुणाचं आहे हे ठरवायचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे त्याच्या आधीचं मूळ वाक्य, आणि तेच गाळलेलं असतं. कागद परत पाठवा आणि दोन्ही भाषांतलं सगळं, जसं बोललं तसं, देवनागरीत उतरवून मागा. ‘अं’, ‘हो हो’, मधली शांतता, हळू आवाजातली कुजबुज यांचीही नोंद हवी. कुजबुज कळली नाही तरी चालेल. ती झाली आणि किती सेकंद झाली एवढं पुरतं.

तोंड कुणाचं आणि शब्द कुणाचे

आता कागदाच्या डाव्या समासात दोन रकाने आखा. पहिल्यात लिहायचं की हे वाक्य कुणाच्या तोंडून आलं. दुसऱ्यात लिहायचं की शब्द कुणाचे. काकू स्वतः बोलल्या तर दोन्हीकडे ‘का’. पुतण्याने काकूंचं सांगितलं तर पहिल्यात ‘पु’, दुसऱ्यात ‘का’. पुतण्या स्वतःचं बोलला तर दोन्हीकडे ‘पु’. पहिला रकाना टाइप करणारा भरू शकतो, कारण आवाज ओळखला की झालं. दुसरा रकाना तुम्हालाच भरावा लागतो आणि बहुतेक सगळी मेहनत तिथेच आहे.

त्याच वेळी जोड्या लावा. काकूंचं मूळ वाक्य १२ असेल तर त्याचं पुतण्याने केलेलं गुजराती १२अ. यामुळे एकच म्हणणं गोषवाऱ्यात दोनदा येत नाही. ज्या ‘अ’ला मागे मूळ सापडत नाही तो लगेच डोळ्यात भरतो. अशा अनाथ ओळींभोवती लाल गोल करा. आमच्या कागदावर ९० च्या आसपास ओळी होत्या, त्यांत ७ लाल गोल निघाले.

लाल गोलातल्या ‘मी’चा मालक शोधताना

पहिल्यांदा वाटतं की प्रत्येक ‘मी’ला तीन दावेदार आहेत. खरं तर दोनच असतात. पुतण्या गुजरातीत बोलतोय म्हणजे तो दुकानदाराशी बोलतोय, आणि दुकानदाराचंच म्हणणं दुकानदाराला कोण कशाला सांगेल? तेव्हा त्याच्या गुजरातीतला ‘हुं’ काकूंचा किंवा त्याचा स्वतःचा. तो मराठीत बोलतोय म्हणजे काकूंशी, तिथला ‘मी’ दुकानदाराचा किंवा त्याचा स्वतःचा. भाषा बघितल्याबरोबर एक दावेदार गळतो. अपवाद एवढाच की पुतण्या कधी तुमच्याशी किंवा वकिलांशीही बोलतो, तेवढ्या ओळी आधी वेगळ्या काढा.

मग नात्याचे शब्द बघा. आमच्या बैठकीत काकू म्हणाल्या, “यांच्या माघारी घरपट्टी मीच भरत आलेय.” पुतण्याने सांगितलं, “काका गया पछी वेरो हुं भरुं छुं.” या एका वाक्यात दोन माणसं शिरली आहेत. ‘हुं’ काकूंचा आहे, पण ‘काका’ पुतण्याचे, कारण काकू आपल्या यजमानांना काका म्हणणार नाहीत. मूळ वाक्य न बघता १२अ वाचलं की पुतण्याच घरपट्टी भरतो असं वाटतं, आणि माझी पहिली चूक नेमकी इथे झाली. घरातला दुभाष्या सर्वनाम बदलतो पण नाती बदलायला विसरतो. त्यामुळे ‘काका’, ‘बाबा’, ‘आमच्या घरात’ असे शब्द दिसले की ते एकट्याने काही सिद्ध करत नाहीत, पण मूळ वाक्याकडे जाऊन खात्री करायला भाग पाडतात. हिस्सेदारीच्या कामात घरपट्टी कोण भरतो यावरून पुढे भांडणं होतात, म्हणून हे मनाला जास्त लागलं.

तिसरी खूण क्रियापदाची. दुकानदार म्हणाला, “छ महिना तो जोईशे, पछी जोईए.” म्हणजे सहा महिने तर लागतील, मग बघू. पुतण्याने काकूंना सांगितलं, “सहा महिने म्हणतायत. दिवाळीपर्यंत जातील असं मला वाटतं.” इथे ‘मला’ आहे आणि त्याच वाक्यात ‘जातील’ही आहे. दुकानदार स्वतःबद्दल बोलत असता तर ‘जाईन’ आलं असतं. तो ‘जातील’ झाला त्या क्षणी तो वाक्याबाहेर गेला, म्हणून ‘मला’ पुतण्याचा. सहा महिने आणि मग बघू, यातून दिवाळी पुतण्याने मे महिन्यापासून मोजून काढली. दुकानदाराने जागा सोडायचं कबूल केलं नव्हतं, तारीख तर दूरच.

लिंगाची खूण सगळ्यांना सुचते आणि ती अर्धीच कामाची आहे. मराठीत ‘मी जाते’, ‘मी जातो’ यावरून बाई की पुरुष ते कळतं. गुजरातीत ‘हुं जाउं छुं’ दोघांचं सारखंच, ‘हुं गई’, ‘हुं गयो’ इथे मात्र फरक पडतो. पण ‘मी भाडं घेतलं’, ‘मी सही केली’ अशा वाक्यांत क्रियापद भाड्याच्या आणि सहीच्या मागे जातं, बोलणाऱ्याच्या नाही. ‘मला परवडत नाही’, ‘मने पोसाय नहीं’ यातही काही कळत नाही, आणि व्यवहाराच्या बोलण्यात अशीच वाक्यं जास्त असतात. जिथे लिंग दिसतं तिथेही पारडं एका बाजूला झुकतं. पुतण्याच्या तोंडी ‘हुं गई हती’ आलं तर शब्द नक्की काकूंचे, कारण पुरुष स्वतःबद्दल असं चुकूनही बोलत नाही. उलट ‘हुं गयो हतो’ आलं तर ते त्याचंच असेल असं नाही. काकूंचं सांगता सांगता जीभ सवयीने ‘गयो’कडे घसरते. म्हणून स्त्रीलिंग हा पुरावा धरा, पुल्लिंग नुसता संशय.

आणखी एक सापळा आपल्या भाषेनेच लावलेला आहे. मराठीत दुसऱ्याचं बोलणं सांगतानाही ‘मी’ तसाच राहतो: “मी इथून हलणार नाही असं ते म्हणतायत.” ‘असं म्हणतायत’ शेवटी येतं. टाइप करणाऱ्याने मध्ये ओळ तोडली, किंवा तेवढ्यात काकू ‘बरं’ म्हणाल्या आणि नवी ओळ सुरू झाली, की ‘मी इथून हलणार नाही’ एकटंच उभं राहतं. म्हणून लाल गोलाच्या पुढच्या दोन ओळीही वाचा. ‘असं’, ‘म्हणे’, ‘एम कहे छे’ तिथे लोंबकळत असतात. आमच्या सातपैकी दोन गोल एवढ्यानेच सुटले.

एका गोष्टीला मात्र पुरावा मानू नका. ‘हे काकूंसारखंच वाटतं’ किंवा ‘पुतण्या असं बोलणार नाही’ हा आपला अंदाज असतो, आणि आपण ज्याची बाजू मनात धरलेली असते तिकडेच तो जातो.

‘आपण’ उलगडल्याशिवाय पुढे जाऊ नका

मराठी आणि गुजराती दोन्हींत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत, ‘अमे’ आणि ‘आपणे’. हिंदीतल्या ‘हम’पेक्षा ही मोठी सोय. दुकानदार म्हणाला, “आपणे लखाण करी लईए.” समोरच्यांना धरून बोलला, म्हणजे तो आणि काकू मिळून लेखी करू. पुतण्या नंतर काकूंकडे वळून म्हणाला, “आपण त्यांना मुदत देऊ.” यात दुकानदार नाही, काकू आणि पुतण्या आहेत. वर मराठीत ‘आपण’ आदराने ‘तुम्ही’ म्हणूनही येतो, आणि ‘आपण येणार नाही असं त्या म्हणाल्या’ यातला ‘आपण’ तर ‘मी’च. तेव्हा कागदावर प्रत्येक ‘आपण’च्या डोक्यावर पेन्सिलीने माणसं लिहा आणि गोषवाऱ्यात हा शब्द येऊच देऊ नका.

‘काले’कडेही जाता जाता बघून घ्या. गुजरातीत होऊन गेलेला आणि येणारा, दोन्ही दिवस ‘काले’च. बडोद्याची मुलं मराठी बोलतानाही कधी “काल वकिलांना भेटून येतो” म्हणून जातात. तारीख लिहिताना क्रियापदावरून लिहा, शब्दावरून नाही.

दोन्ही वाक्यं जुळत नाहीत तेव्हा

मालक ठरले की जोड्या शेजारी ठेवून वाचा. काकू म्हणाल्या होत्या, “विकायचंच असं काही माझं ठरलेलं नाही.” दुकानदाराच्या कानावर पडलं, “वेचवानुं हजी पाकुं नथी.” ‘ठरलेलं नाही’मध्ये न विकण्यालाही जागा आहे. ‘अजून पक्कं नाही’ ऐकणारा समजतो की विकणार आहेत, फक्त वेळ आहे. यापुढे दुकानदार ‘नवा मालक’ आल्यावर काय, हेच विचारत राहिला. कागद वाचणाऱ्याला कळेना, हा मध्येच नव्या मालकाचं काय घेऊन बसला.

अशा ठिकाणी गोषवाऱ्यात दोन्ही हवेत: काय बोललं गेलं आणि काय पोचलं. काकूंचं म्हणणं मूळ मराठीवरून लिहा, दुकानदाराचं मूळ गुजरातीवरून. दुभाष्याचं रूप फक्त तिथे लिहा जिथे ते वेगळं पडलं आणि पुढच्या बोलण्यावर त्याचा परिणाम झाला. किरकोळ फरक सोडून द्या, नाहीतर गोषवारा म्हणजे दुभाष्याच्या चुकांची यादी होऊन बसते.

एक भाषा तुम्हाला येतच नसेल तर मूळ बघून लिहिता येत नाही. मग त्या भाषेतलं प्रत्येक म्हणणं ‘पुतण्याने सांगितल्याप्रमाणे’ असंच लिहावं लागेल, किंवा तेवढ्या ओळी त्या बैठकीत नसलेल्या माणसाकडून समजून घ्याव्या लागतील. कागदपत्रांचे शब्द तर विचारून घ्यावेतच. गुजरातेत ‘दस्तावेज’ म्हटलं की बहुतेकांच्या मनात खरेदीखत असतं, आणि ‘बानाखत’ म्हणजे आपल्याकडचं साठेखत. ‘दस्तावेज थई गयो’चं ‘कागद झाले’ केलं की पूर्ण झालेली विक्री नुसत्या कागदपत्रांसारखी वाटते.

लिहिताना

गोषवाऱ्यात ‘मी’ एकदाही येता कामा नये, अवतरणातसुद्धा नाही. प्रत्येक वाक्याचा कर्ता नावाने किंवा नात्याने लिहा आणि कंसात ओळीचा आकडा द्या. दुभाष्याला पात्र म्हणून पहिल्याच ओळीत आणा आणि त्याचा हिस्सा असेल तर तोही तिथेच सांगा. कोर्टात दुभाष्याला १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणे शपथ घ्यावी लागते. घरच्या पुतण्याला कुणी शपथ दिलेली नसते, म्हणून तो कोण आहे हे वाचणाऱ्याला माहीत असलं पाहिजे.

आमचा दुसरा गोषवारा मधून असा होता:

“बैठकीत दुभाष्याचं काम काकूंच्या पुतण्याने केलं, ते वाड्यात हिस्सेदार आहेत. यजमानांच्या निधनानंतर घरपट्टी काकू स्वतः भरतात (१२). वाडा विकायचा की नाही हे ठरलेलं नाही असं काकूंनी सांगितलं (१४). दुकानदाराला ते ‘विक्री अजून पक्की नाही’ असं सांगितलं गेलं (१४अ) आणि त्यानंतर दुकानदाराने नव्या मालकाबद्दल तीनदा विचारलं (१७, २३, ३०). जागा बदलायला सहा महिने लागतील, त्यानंतर बघू, असं दुकानदार म्हणाले (२६). जागा सोडण्याची तारीख त्यांनी दिली नाही. दिवाळीपर्यंत जातील हा पुतण्याचा अंदाज आहे (२६अ). लेखी करून घ्यावं असं दुकानदारांनी सुचवलं (३५).”

पहिल्या गोषवाऱ्यापेक्षा हा जेमतेम दीडपट लांब झाला. वेळ मात्र ५० मिनिटांच्या बैठकीला साधारण चार तास लागला आणि त्यातले तीन दुसरा रकाना भरण्यात गेले.

जो गोल सुटत नाही

शेवटी ४१ वी ओळ राहिली. पुतण्याने गुजरातीत म्हटलं होतं, “पाघडी पाछी मांगशो तो मने नहीं पोसाय.” पाघडी परत मागितलीत तर मला परवडणार नाही. दावेदार दोन, काकू आणि पुतण्या. मागे मूळ वाक्य नाही, नात्याचा शब्द नाही, लिंग दिसत नाही, पुढच्या ओळीत ‘असं म्हणतात’ही नाही. रेकॉर्डिंग लावलं तर त्याच्या आधी चार सेकंद काकूंचा अस्पष्ट आवाज, चहाच्या कपांच्या खणखणाटात बुडालेला. म्हणजे काकू काहीतरी बोलल्या होत्या हे खरं, पण काय ते कळत नव्हतं.

अशा वेळी ‘काकूंना परवडणार नाही’ असं लिहिणं म्हणजे त्यांच्या नावावर पैशाचा हट्ट चढवणं. ओळ गाळणं म्हणजे दुकानदाराने जे ऐकलं ते लपवणं. मी लिहिलं: “पाघडी परत मागितल्यास परवडणार नाही असं दुकानदाराला सांगितलं गेलं (४१). हे काकूंचं म्हणणं की पुतण्याचं स्वतःचं, हे रेकॉर्डिंगवरून ठरत नाही.”

मग विचारायचं. विचारताना दोन पथ्यं. दोघांना वेगवेगळं विचारा आणि उत्तर आत दडलेला प्रश्न टाळा. ‘तुम्ही पाघडीबद्दल असं म्हणालात ना?’ यावर वयस्क माणूस हो म्हणून मोकळा होतो. मी काकूंना फोन करून एवढंच विचारलं, “काकू, चहा आला तेव्हा तुम्ही काय म्हणत होतात?” त्या म्हणाल्या, “साखर कमी टाका म्हटलं. का हो?” पाघडी कधी आणि किती घेतली हेच त्यांना माहीत नव्हतं, तो व्यवहार यजमानांनी केलेला.

पुतण्याला वेगळं विचारलं. त्याने काही लपवलं नाही, “माझंच होतं ते, माझ्या हिश्शातून जाणार ना पैसे.” ४१ व्या ओळीचं वाक्य बदललं, दोन्ही उत्तरं तारखेसह खाली जोडली. मग काकूंसाठी मराठीत आणि दुकानदारासाठी गुजरातीत गोषवारा वाचून दाखवला, गुजराती वाचायला ऑफिसातल्या दुसऱ्या मुलीला बसवलं. दुकानदार ‘पाघडी पुतण्याचं म्हणणं’ इथे थांबला आणि म्हणाला, “तो बाने तो हजी पूछ्युं ज नथी.” म्हणजे काकूंना अजून कुणी विचारलंच नाही. पुढच्या बैठकीचा तोच पहिला विषय ठरला आणि त्या दिवशी मध्ये बसायला बाहेरची दुभाषी बोलावली.